गरम करून ठेवलेली गाडी

चि. बाळ्या,

काल फोनवर तू म्हणलास, "बाबा, गाडी घेऊ का नको एवढंच सांगा", आणि मी गप्प बसलो तर तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क नव्हतं गेलं. एका शब्दात सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि पुण्यात बसून तू "बाबा नाही म्हणले" एवढंच लक्षात ठेवणार, का नाही म्हणले ते विसरणार, आणि मग दुसरी गाडी बघताना तीच चूक करणार. म्हणून पहिल्यापासून लिहितो. आई म्हणती व्हॉइस मेसेज टाका, पण तू तो दीडपट स्पीडवर ऐकतोस हे मला माहितीय.

तर होटगी रोडची ती पांढरी हॅचबॅक. 2017 ची, 1200 सीसी पेट्रोल, 62 हजार किलोमीटर, एकच मालक, मागताहेत 3 लाख 85 हजार. मालक रिटायर्ड मास्तर आहेत, माणूस सरळ वाटला. मधे एक एजंट आहे, तो सरळ वाटला नाही. तू दिलेल्या फोटोत गाडी चकाचक होती आणि खरं सांगायचं तर बाहेरून ती आहेच चांगली, चारी दारांच्या फटी सारख्या, बॉनेटचे बोल्ट कधी पाना न लागलेले, डिक्कीतलं स्टेपनीखालचं पत्र्याचं वेल्डिंग कंपनीचं, टायर 2022 चे. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक ह्यात लिहिण्यासारखं काही नाही, वापराप्रमाणे झिजलंय तेवढंच. सगळी गोष्ट पाण्याची आहे. म्हणजे इंजिनच्या पाण्याची.

पहिल्यांदा गेलो रविवारी नऊला. एजंट आधीच येऊन थांबलेला. गाडी सावलीत लावलेली. मी नमस्कार बिमस्कार करायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला तर चांगला चटका बसेल एवढं गरम. मी विचारलं कुठं जाऊन आलात का, तर एजंट म्हणतो "काका, पेट्रोल टाकून आणली, तुम्हाला फिरवायला." पेट्रोल पंप तिथनं हाकेच्या अंतरावर. तेवढ्यानं बॉनेट असं तापत नाही, सोलापूरचा मे महिना असला तरी सकाळी नऊला सावलीत तर नाहीच. काट्यावर बघितलं तर पेट्रोल पावच. मी काही बोललो नाही. चालू केली, झटक्यात चालू झाली, आयडलिंग एकदम गोड. गरम इंजिन गोडच वाजतं बाळ्या, आजारी माणूस पण गोळी घेतल्यावर तासभर बरा दिसतो. मी चहा घेतला आणि निघताना मास्तरांना बाजूला घेऊन म्हणलो, उद्या सकाळी सहाला येतो, तोपर्यंत गाडीला कुणी चावी लावू नका, मला रात्रभर गार झालेलं इंजिन पाहिजे. ते लगेच हो म्हणले, त्यावरनंच मला कळलं की त्यांना स्वतःला काही माहिती नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. एजंट नव्हता, बरं झालं. आता इथनं नीट वाच.

सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण. हे फक्त गार इंजिनवर उघडायचं, गरम असताना कधी उघडू नकोस, आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण सैल केलं की ते वाफ होऊन तोंडावर येतं, आपल्या गॅरेजमधल्या एका पोराचा हात त्यानं भाजलेला तू लहानपणी बघितलायस. तर फडकं धरून झाकण फिरवलं आणि "फुस्स" झालं. रात्रभर उभी गाडी, आणि आत हवेचा दाब! असं व्हायला नाही पाहिजे. चांगल्या इंजिनमध्ये रात्री पाणी गार होऊन आकसतं, त्यामुळं आत उलट थोडी ओढ तयार होते आणि बाजूच्या बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओढलं जातं. सकाळी दाब राहिलाय म्हणजे आत पाण्याशिवाय दुसरंच काहीतरी शिरलंय, आणि ते बहुतेक वेळा सिलेंडरमधला गॅस असतो. एवढ्यावर मी निकाल नाही दिला, पण कान टवकारले.

मग आत बोट घातलं. कूलंट हिरवं नाही, लाल नाही, कुठल्याच रंगाचं नाही, चहात दूध कमी पडलं की दिसतो तसला तांबूस रंग, आणि बोटाला बारीक रेती लागल्यासारखं. झाकणाच्या रबराखाली आणि होजच्या क्लिपच्या कडेला पांढरी खपली. ती खपली तू घरात रोज बघतोस, बाथरूमच्या नळाला आणि गीझरच्या कॉइलला जी बसते तीच. बोअरचं पाणी. मास्तरांना विचारलं, पाणी कोण घालतं? म्हणले, "कमी होतंय असं वाटलं की मीच घालतो, अंगणातल्या नळाचं. ड्रायव्हिंग शिकलो तेव्हा सांगितलं होतं ना, रोज पाणी बघा म्हणून." किती दिवसांनी कमी होतं? "पंधरा दिवसांनी तांब्याभर."

आता हे ऐकायला साधं वाटतं पण सगळं प्रकरण त्या तांब्यात आहे. सीलबंद सिस्टीम आहे ती, पाणी कमी होण्याचं कारणच नसतं. कमी होतंय म्हणजे एकतर बाहेर गळतंय, नाहीतर इंजिन पितंय. बाहेर तर कुठं ओल नव्हती, वॉटर पंपाखाली डाग नाही, हीटरच्या बाजूचं पायाखालचं मॅट कोरडं. मग गेलं कुठं?

चालू केली. गार इंजिन, दोन सेकंद जास्त फिरलं आणि लागल्या लागल्या एक सिलेंडर थोडा अडखळला, दहा-पंधरा सेकंद, मग सुरळीत. काल गरम असताना हे दिसलंच नव्हतं, म्हणून तर गरम करून ठेवली होती. मागं सायलेन्सरमधनं पांढरा धूर. धुरावर लगेच घाबरायचं नाही, सकाळच्या गारठ्यात चांगल्या गाडीतनं पण थोडी वाफ येते आणि दोन मिनिटात थांबते. पण मे महिना आहे, सहाला सुद्धा बनियनवर घाम येतोय, ह्या हवेत कसली वाफ? आणि ती थांबली पण नाही लवकर.

मग मी वरच्या रेडिएटर होजवर हात ठेवला आणि हातानं दोन गोष्टी सांगितल्या. हे तू पण शिकून घे, ह्याला कुठलं यंत्र लागत नाही.

पहिली गोष्ट गरमपणाची. इंजिनमध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असतो. पाणी साधारण 82 ते 88 डिग्रीला येईपर्यंत तो बंद असतो आणि पाणी इंजिनमध्येच फिरतं, रेडिएटरकडं जात नाही. त्यामुळं चालू केल्यावर काही मिनिटं वरचा होज गारच राहतो, आणि मग व्हॉल्व्ह उघडला की एकदम चटकन गरम होतो. ह्या गाडीचा होज पहिल्या मिनिटापासनं हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे थर्मोस्टॅट एकतर उघडा अडकलाय, नाहीतर नाहीच. पुढं कळलं की नाहीच.

दुसरी गोष्ट दाबाची. होज अजून कोमट आहे, पाणी तापलेलं नाही, आणि तरी दोन-अडीच मिनिटात तो दगडासारखा टणक झाला. पाणी तापून दाब वाढतो ते बरोबर, पण त्याला पाणी तापावं लागतं. न तापता टणक झाला म्हणजे दाब दुसरीकडनं येतोय. सकाळचा फुस्स आणि हा टणक होज एकच गोष्ट सांगतात.

मग गाडी बंद केली, परत पूर्ण गार होऊ दिली, तोपर्यंत मास्तरांनी पोहे खायला लावले. दहाच्या सुमाराला गार झाल्यावर रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकण उघडंच ठेवून चालू केली. सुरुवातीला अडकलेली हवा निघते तेव्हा थोडे बुडबुडे येतातच, ते सोडून द्यायचे. पण हे थांबेनात, बारीक बारीक एकसारखे, सोडा फोडल्यासारखे, आणि मास्तरांना ॲक्सिलरेटर द्यायला लावला की जास्त. मी मास्तरांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, म्हणले, "हे उकळतंय का?" मी म्हणलो बोट घाला. घातलं. गार. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

ऑइलचं पण सांगतो, कारण तू व्हिडिओ बघून विचारशील. ऑइल टाकायच्या झाकणाखाली दुधी फेस असला की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग जो हेड, त्याच्याखाली बसून सिलेंडर आणि पाण्याच्या वाटा वेगळ्या ठेवणारी पट्टी, गेलं असं सगळे सांगतात. ह्या गाडीत झाकण साफ, डिपस्टिकवर ऑइल काळं पण नितळ. म्हणून गॅस्केट चांगलं असं होत नाही. गॅस्केट कुठं फाटतं त्यावर आहे, पाण्याच्या आणि सिलेंडरच्या मधे फाटलं तर ऑइलला पत्ताच लागत नाही. आणि उलट, थंडीत रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या एकदम निरोगी गाडीच्या झाकणाखाली फेस येतो, निस्ती ओल जमून. म्हणून तो फेस मी कधी पुरावा धरला नाही, डिपस्टिकवर दुधी दिसलं तर मात्र गाडी तिथंच सोडायची.

आता थर्मोस्टॅट का काढला ह्याचा शोध. तुझा तो छोटा ब्लूटूथचा स्कॅनर दिवाळीला घरी विसरून गेलास तो माझ्याकडंच आहे, मोबाईलला जोडून घेतला. (मला ह्याची भीती वाटत नाही हे तुला सांगून ठेवतो. 2010 ला बीएस-4 पहिल्यांदा दिल्ली परिसर आणि 13 शहरात आलं त्यात मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूर पण होतं, तेव्हापासनंच वायरिंग आणि सेन्सरवाल्या गाड्यांशी झगडत आलोय.) स्कॅनरवर बिघाडाचा कोड एकही नाही, सगळं स्वच्छ. जास्तच स्वच्छ. कारण खाली तपासण्यांची यादी असते, त्यातल्या निम्म्यांपुढं "पूर्ण नाही" असं येत होतं. म्हणजे कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत, नाहीतर बॅटरीची वायर काढलीय, गाडीच्या कॉम्प्युटरला अजून स्वतःला तपासायला वेळ मिळालेला नाही. बॅटरी नवी टाकली तरी असं होतं, म्हणून हा नुसता संशय, पण बॅटरी तर दोन वर्षं जुनी होती. थर्मोस्टॅट नसला की पाणी पाहिजे तेवढं तापत नाही आणि सहसा P0128 हा कोड येतो. माझी पैज आहे तोच पुसला असणार.

मंगळवारी मास्तरांना शेजारी बसवून सकाळी सातला पुणे रोडनं मोहोळपर्यंत गेलो, ताशी 80 धरून. स्क्रीनवर पाण्याचं तापमान 71, 72, त्याच्या वर जाईना. चांगली गाडी 85-90 ला स्थिर राहते. येताना मुद्दाम दुपार केली, बाराच्या उन्हात एसी फुल लावून पार्क चौक, नवी पेठ, सगळ्या गर्दीतनं फिरवली. तिथं तेच तापमान 98, 101, 104, फॅन जोरात चालू आणि तरी 107. मी एसी बंद करून बाजूला घेतली. गंमत काय आहे, ह्या गाडीत तापमानाचा काटाच नाही, आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतो, गार असताना निळा दिवा आणि उकळायला लागली की लाल दिवा, मधलं काही नाही. 107 ला सुद्धा मास्तरांच्या समोर कुठलाच दिवा नव्हता. असे किती उन्हाळे ते 107 वर फिरले असतील कुणास ठाऊक.

हायवेला गारठलेली आणि गावात तापणारी, एकच गाडी. तुला वाटेल ह्या दोन उलट गोष्टी कशा? त्याचं उत्तर असंय. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, नळ्या चोंदल्या, गाडी तापायला लागली. गेली कुणाकडं तरी. त्यानं रेडिएटर साफ करायच्या ऐवजी थर्मोस्टॅट काढून फेकला, "सोलापूरच्या उन्हात ह्याची गरज नाही" म्हणून. हायवेला वारा जोरात लागतो, पाणी अडवायला व्हॉल्व्ह नाही, म्हणून पाणी सारखं गार होतं. गावात मात्र वारा नाही, चोंदलेला रेडिएटर, आणि वर एक गोष्ट जी बऱ्याच मिस्त्रींना माहितीच नसते: अशा पुष्कळ इंजिनात तो व्हॉल्व्ह उघडताना दुसरी एक वाट बंद करतो, जिच्यातनं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत इंजिनात फिरतं. व्हॉल्व्हच काढला की ती वाट कायम उघडी, आणि गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरचं तोंड न बघताच परत येतं. म्हणजे गार करायला काढलेला भाग, नेमका जिथं पाहिजे तिथं, गाडी जास्त तापवतो.

हे मला कसं माहिती ते पण सांगतो, लाज सोडून. वीसेक वर्षांपूर्वी मी पण काढायचो. आपल्या गॅरेजमागच्या डब्यात थर्मोस्टॅटचा ढीग होता, तू त्यातल्या स्प्रिंगा काढून खेळायचास. गिऱ्हाईक खूश, मी खूश, दहा मिनिटांचं काम. मग अक्कलकोट रोडच्या एका दुधवाल्याची व्हॅन आठ महिन्यात हेड गॅस्केट फाडून परत आली, आणि तो बिचारा म्हणाला "तुम्ही केल्यापासनं गावात जास्तच तापत होती, पण म्हणलं तुम्हीच केलंय तर बरोबर असंल." त्याचं काम मी मजुरी न घेता केलं, आणि त्या दिवशी डबा भंगारात दिला.

आता गॅस्केट खरंच गेलंय का ह्याचा शेवटचा पुरावा. आपल्याकडं शिकलेल्या पोराचं आता स्वतःचं गॅरेज आहे, मास्तरांची परवानगी घेऊन गाडी तिथं नेली. इंजिन गरम, चारी प्लग काढले, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चांगली आहे ना बघून, एकेका सिलेंडरला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे आतला दाब मोजायचा काटा, लावून पाच-सहा फेरे. एक नंबर 175, दोन 140, तीन 138, चार 172. आकडा किती आहे ह्यापेक्षा एकमेकात फरक किती हे बघायचं, दहा टक्के चालतो, पंधरा म्हणजे विचार करायचा, इथं वीसच्या वर आहे. आणि कमी कोणते? दोन आणि तीन, शेजारी शेजारी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर सहसा चारीत थोडं थोडं कमी होतं, किंवा कुठलातरी एक. शेजारचे दोन बरोबरीनं पडले म्हणजे दोघांच्या मधली भिंत, म्हणजे गॅस्केटची ती बारीक पट्टी, गेली. दोन नंबरचा प्लग बाहेर काढला तर बाकी तिघं तपकिरी आणि हा एकटा धुवून पुसल्यासारखा पांढरा. पाण्याची वाफ आत जाऊन त्यानं स्वतःला स्वच्छ केलंय. मास्तरांचा तांब्या कुठं जात होता ते तिथं दिसलं. मी तो प्लग त्यांच्या हातात दिला, ते काही बोलले नाहीत, रुमालात बांधून खिशात ठेवला. का ठेवला मी विचारलं नाही. एजंटला दाखवायला असेल.

खर्चाचं म्हणशील तर. हेड उतरवायचं, मशीन शॉपला न्यायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जास्त तापलं की ते पापडासारखं वाकतं, पट्टी आणि फिलर गेज लावून बघायचं, अशा छोट्या इंजिनात 0.05 मिलिमीटरच्या आसपासच मर्यादा असते, त्यापेक्षा जास्त असलं तर फेसिंग करावं लागतं. आणि मशीन शॉपमध्ये हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवून बघतात कुठं बुडबुडा येतोय का. येत असला तर तडा आहे आणि मग ते हेड गेलं. तडा नसला तर गॅस्केट सेट, हेडचे बोल्ट नवीन (जुने ताणलेले असतात, परत वापरायचे नाहीत, ह्यात कुणी पैसे वाचवायला सांगितलं तर ऐकू नकोस), थर्मोस्टॅट, रेडिएटर नवा, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं निम्मं, मजुरी. माझा हिशेब तीसेक हजारात बसतो. तडा निघाला तर हेडचे वेगळे, मग पन्नासच्या पुढं.

म्हणजे गाडी वाईट नाहीय रे. तीस हजार कमी करून घेतली आणि काम नीट केलं तर ही तुला दहा वर्षं चालेल. अडचण एवढीच की हेड उघडल्याशिवाय आत काय आहे ते मला पण दिसत नाही, आणि उघडायच्या आधी पैसे दिले तर तो जुगार तुझ्या पैशांवर होणार. एजंटनं काल फोन केला, "काका, वीस हजार कमी करतो, मिटवून टाका." म्हणजे त्याला पहिल्यापासून माहिती होतं. जो भाव एवढ्या लवकर वीस हजारानं उतरतो तिथं आणखी काहीतरी असतंच.

मी मास्तरांपुढं असं ठेवलंय. हेड त्यांच्या खर्चानं, आपल्या पोराच्या गॅरेजात, माझ्यासमोर उतरवायचं. तडा नसला तर काम पूर्ण करायचं, नव्या भागांची बिलं तुझ्या हातात, थर्मोस्टॅट मी स्वतः बसवणार, आणि मग तू 3 लाख 80 हजार द्यायचे, म्हणजे मूळ भावापेक्षा फक्त पाच कमी, कारण मग ती गाडी तेवढ्याची आहे. हेड खराब निघालं तर गाडी जशी आहे तशी त्यांची, मजुरीचे निम्मे मी देईन. तू म्हणशील बाबा तुम्ही का देणार, तर द्यावे वाटतात म्हणून. त्यांनी पोहे दिले आणि चार दिवस गाडी माझ्या ताब्यात दिली, आणि खोटं एकदाही बोलले नाहीत. एजंटला ह्यातनं बाहेर ठेवायचं हे त्यांनीच म्हणलं.

कागदाचं थोडक्यात. गाडीवर कर्ज होतं, फिटलंय म्हणतात, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढं जायचं नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन "नंतर करू" असं ठेवायचं नाही, विकणाऱ्यानं 14 दिवसात आणि घेणाऱ्यानं 30 दिवसात आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्स पण 14 दिवसात तुझ्या नावावर, आणि मास्तरांचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्यांचा, त्यामुळं एजंटनं बोनससकट सांगितलेला प्रीमियम धरून हिशेब करू नकोस.

मास्तर मुलाशी बोलून सोमवारी सांगतो म्हणलेत. तोपर्यंत टोकन पाठवू नकोस, एजंट तुला डायरेक्ट फोन करेल, करणारच, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणेल. म्हण, घेऊ दे.

आणि हो, हिंजवडीत तुला तो मित्र दुसरी गाडी दाखवणार आहे म्हणलास ती बघायला जाशील तेव्हा आदल्या रात्री फोन करून ठेव, चावी लावू नका म्हणून, आणि पोचल्या पोचल्या आधी बॉनेटवर हात. झाकण, होज, बुडबुडे ह्याचे फोटो नको पाठवू, फोटोत काही कळत नाही, मला व्हिडिओ कॉल कर आणि होज हातात धरून सांग कसा लागतोय.

आई शनिवारच्या हुतात्मानं शेजारच्या काकूंबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवणार आहे, स्टेशनवर वेळेवर जा. तुझा स्कॅनर मी अजून ठेवून घेतोय.

बाबा